‘गरजू’ आणि ‘होतकरू’ नेमकं कोण? अर्ज उघडण्याआधी शब्दांचे प्रश्न कसे करायचे

देवगड तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात मी हायस्कूलवर शिकवते. गावच्या मुंबईकरांचं एक मंडळ आहे. दरवर्षी गणपतीत चाकरमानी आले की त्या मंडळातर्फे दहावी झालेल्या पाच मुलांना प्रत्येकी दहा हजार रुपयांची मदत दिली जाते. पैसे देणारे काका गावचेच, मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी मंडळाला लिहून दिलेलं वाक्य असं आहे:

“गावातल्या गरजू आणि होतकरू मुलांना, दहावीला चांगले मार्क मिळवून पुढे शिकणाऱ्यांना, ही मदत द्यावी. घरात कमावतं कोणी नसेल त्यांचा आधी विचार व्हावा.”

वाचलं की सगळं कळल्यासारखं वाटतं. पण समोर अर्ज आले की या वाक्यातला एकेक शब्द हातातून निसटायला लागतो. अशा सैल शब्दांतून क्रमांक घातलेले, हो किंवा नाही असं उत्तर देता येणारे प्रश्न कसे तयार करायचे आणि ते अर्ज उघडण्याआधीच का करायचे, हे मला सांगायचं आहे.

आधी आमची चूक सांगते. मागच्या वर्षी आम्ही पाच जण देवळाच्या सभामंडपात बसलो आणि सरळ पहिला अर्ज उघडला. ९४ टक्के मिळालेली मुलगी होती. सगळे म्हणाले, “होतकरू म्हणजे हीच.” तेव्हा होतकरूचा अर्थ मार्क असा झाला. चौथा अर्ज ७४ टक्क्यांच्या मुलाचा होता. तो सुट्टीत आंब्याच्या पेट्या भरायला जायचा, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तिथे होतकरूचा अर्थ कष्टाळू असा झाला. दोन तासांत पाच नावं ठरली आणि आम्ही समाधानाने घरी गेलो. आठवड्याने ७८ टक्क्यांची एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. तिच्या नावापुढे मीच माझ्या अक्षरात ‘मार्क कमी’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याच पानावर, दोन ओळी वर, ७४ टक्क्यांचा मुलगा निवडलेला होता. मला तिला काहीही सांगता आलं नाही.

आम्ही लबाडी केली नव्हती. प्रत्येक अर्जापाशी आम्हाला मनापासून जे पटलं तेच केलं होतं. फक्त प्रत्येक अर्जागणिक फूटपट्टी बदलत होती आणि ती बदलतेय हे आमच्या ध्यानात येत नव्हतं.

हे माणसाच्या मनाचंच वळण आहे. एरिक उल्मन आणि जेफ्री कोहेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोलीसप्रमुखाच्या पदासाठी दोन उमेदवार, एक पुरुष आणि एक बाई. एकाकडे शिक्षण जास्त, दुसऱ्याकडे रस्त्यावरच्या कामाचा अनुभव जास्त. काही जणांना दाखवलेल्या कागदांत शिकलेला उमेदवार पुरुष होता, तर काहींना दाखवलेल्या कागदांत शिकलेली उमेदवार बाई होती. पुरुष शिकलेला असला की लोक म्हणायचे, या पदाला शिक्षण फार महत्त्वाचं. तो शिकलेला नसला की शिक्षणाचं महत्त्व कमी व्हायचं. म्हणजे उमेदवार आधी मनात भरत होता आणि निकष त्याच्या मापाने नंतर शिवले जात होते. मग काही जणांना, उमेदवार दाखवण्याआधीच, या पदाला काय किती महत्त्वाचं आहे ते ठरवायला लावलं. त्यांच्या निवडीत हा पक्षपात उरला नाही.

म्हणून या वर्षी आम्ही काम उलट्या बाजूने सुरू केलं. मे महिन्यात, दहावीचा निकाल हातात येण्याआधी, आंब्यासाठी चाकरमानी गावात असतानाच बैठक घेतली. टेबलावर एकही अर्ज नव्हता, होतं फक्त काकांचं ते वाक्य, मोठ्या अक्षरात लिहिलेलं.

खजिनदार आजोबा सुरुवातीलाच म्हणाले, “गरजू म्हणजे काय ता सगळ्यांका म्हायत आसा. मगे लिवक कित्याक व्हया?”

मी पाचही जणांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, आजोबा, गरजू म्हणजे काय ते प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहा, शेजाऱ्याचं बघू नका. पाच कागदांवर पाच उत्तरं आली: पिवळं रेशनकार्ड असलेला. बाप नसलेला. जमीन नसलेला. ज्याची फी भरायची राहिली आहे तो. आजोबांनी स्वतः लिहिलं होतं, ‘ज्याच्याकडे बघून कळतं तो’. कागद फिरले आणि मग कोणी काही बोललं नाही.

या कामाची खरी कसोटी हीच आहे. एकमेकांशी न बोलता दोन माणसांनी तोच अर्ज, तेच कागद पाहिले तर दोघांचं उत्तर एकच यायला हवं. ज्या प्रश्नाला तसं येतं तो प्रश्न पक्का, ज्याला येत नाही तो अजून सैल.

वैद्यकातलं एक जुनं उदाहरण इथे उपयोगी पडतं. पूर्वी जन्मलेल्या बाळाकडे पाहून ‘बरं दिसतंय’ किंवा ‘जरा मलूल आहे’ असं म्हणायची रीत होती. व्हर्जिनिया अॅपगार या अमेरिकी भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी १९५३ साली त्याऐवजी पाच गोष्टी पाहायची पद्धत प्रसिद्ध केली: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, चिमटा किंवा टिचकीसारख्या गोष्टीला मिळणारा प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके नसले तर शून्य, मिनिटाला शंभराच्या खाली असले तर एक, शंभराच्या वर असले तर दोन. ‘बरं दिसतंय’चं पुरतं माप यात येत नाही, पण प्रसूतिगृहातली नर्स आणि डॉक्टर एकाच बाळाबद्दल एकच भाषा बोलू लागतात.

आता आमचं वाक्य. पहिलं काम ते फोडायचं. ‘गावातल्या’, ‘गरजू’, ‘होतकरू’, ‘चांगले मार्क’, ‘पुढे शिकणाऱ्या’, ‘कमावतं कोणी नसेल’ आणि शेवटचा, सहज सुटून जाणारा शब्द ‘आधी’. सात तुकडे झाले. ‘गरजू आणि होतकरू’ यातल्या ‘आणि’लाही मी गोल केला. दोन्ही असायला हवं की एक असलं तरी चालेल? बोलताना आपण ‘आणि’ दोन्ही अर्थांनी वापरतो. ‘आंबे आणि काजूवाल्यांना बोलवा’ म्हटलं की फक्त आंबेवाल्यालाही आमंत्रण असतं.

‘गावातल्या’ हा शब्द सगळ्यात सोपा वाटला आणि त्यानेच एक संध्याकाळ खाल्ली. बोरिवलीत जन्मलेला, मे महिन्यात पंधरा दिवस येणारा मुलगा गावचाच असतो, त्याचं घर इथे, देव इथला. उलट एक मुलगी वडिलांच्या गावची नाही, पण दुसरीपासून इथे आजोळी राहते. यातलं कोण धरायचं? दोन्ही अर्थ बरोबर आहेत, आणि अशा वेळी आपण ठरवायचं नसतं. ज्याने शब्द दिला त्याला विचारायचं. मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, “मुंबईत शिकणाऱ्याला मुंबईत बरंच काही मिळतं. इथे राहून एसटीने शाळेत जाणाऱ्यासाठी आहे हे.” दोन मिनिटांत प्रश्न सुटला. हाच फोन आम्ही गेली सहा वर्षं केला नव्हता.

अर्थ कळला, पण तो दिसणार कुठे? कोणीतरी म्हणालं, रेशनकार्ड बघा. पण आमच्याकडे मुंबईत वाढलेल्या कितीतरी मुलांची नावं गावच्या कार्डावर असतात आणि आजोळी राहणाऱ्या मुलीचं नाव नसतं. कार्ड पाहिलं असतं तर नको ते आत आणि हवे ते बाहेर गेले असते. शेवटी आठवी, नववी, दहावी ही तीन वर्षं गावात राहत असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला मागायचं ठरलं.

‘गरजू’साठीही रेशनकार्डाचा रंग सुचवला गेला. तिरंगी कार्डांची योजना १९९९ची. पिवळ्या कार्डाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तेव्हा पंधरा हजार रुपये होती. त्या वेळी पिवळं कार्ड मिळालेल्या घरातला मुलगा आज जहाजावर नोकरीला असू शकतो, आणि केशरी कार्डाच्या घरात आज चूल पेटायची पंचाईत असू शकते. रंग कुटुंबाची जुनी परिस्थिती सांगतो.

मग ‘जमीन नसलेला’. हा निकष घाटावर कदाचित चालेल, कोकणात तो उलटा पडतो. आमच्याकडे सातबारा सामायिक असतो. एका उताऱ्यावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी माणसं वारलेली, उरलेली मुंबई-पुण्यात. ज्या खलाशाच्या हाती त्या जमिनीतलं एक नारळाचं झाडही येत नाही त्याचं नावसुद्धा उताऱ्यावर असतं. कागदावर तो जमीनदार ठरतो. सैल शब्दाच्या जागी खूण घेताना फसगत होते ती नेमकी इथे. खूण मोजायला सोपी असते, पण ती दुसरंच काहीतरी मोजत असते. ते ओळखायचा माझा मार्ग साधा आहे: आपल्याला नक्की माहीत असलेली दोन-तीन घरं मनात आणायची, एक खरोखर अडचणीतलं, एक बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी, आणि खूण त्यांना कुठे टाकते ते बघायचं. सातबारा या परीक्षेत पहिल्याच घराला पडला.

राहिला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. मर्यादा एक लाख वीस हजार ठरवली. आता ‘पेक्षा कमी’ लिहायचं की ‘किंवा त्याहून कमी’? हा काथ्याकूट वाटेल. पण आमच्याकडे येणाऱ्या दाखल्यांवर आकडे बहुतेक गोल असतात, साठ हजार, नव्वद हजार, एक लाख वीस हजार. म्हणजे नेमकी सीमेवर बसणारी माणसं अपवादाने येत नाहीत, नेहमीच येतात. आम्ही ‘किंवा त्याहून कमी’ लिहिलं.

‘चांगले मार्क’ याबद्दल एकच सांगते. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो, त्यामुळे इथे ‘चांगले’ची पट्टी लोकांच्या मनात फार वर गेलेली आहे. ऐंशीच्या खाली कोणी चांगलं म्हणतच नाही. पण काकांच्या वाक्यातलं वजन मदतीवर आहे, मार्कांवर नाही. म्हणून मार्क दाराशी विचारायचे, साठ टक्के असले की आत. आत आल्यावर कोणाचा नंबर वर लागणार ते गरजेवरून ठरणार. दार आणि रांग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ वाक्यात त्या एकमेकांत मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्या नाहीत तर ९४ टक्केवाली पुन्हा सगळ्यांच्या पुढे जाते.

‘होतकरू’पाशी आम्ही खरोखर अडलो. काकांना पुन्हा फोन केला. “काका, हा शब्द लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मीच होतो गो. शाळा सुटली की रापणीवर जायचो. वाटा मिळायचा त्यातून वह्या घ्यायचो.” रापण म्हणजे किनाऱ्यावरून पन्नासेक माणसांनी मिळून ओढायचं जाळं. ते ऐकून मला गलबलून आलं, आणि तरीही या शब्दाचा प्रश्न होत नव्हता. काम करत शिकतो याचा दाखला कोण देणार? पेट्या भरणारा मुलगा गावाला दिसतो. पहाटे उठून पाणी भरणारी, धाकट्या भावंडांचं करणारी मुलगी कोणाला दिसत नाही. शाळेतली हजेरी धरावी असं एकाने सुचवलं. माझ्याच हजेरीपटात मी पाहिलं तर पावसाळ्यात सगळ्यात जास्त गैरहजर असलेली मुलं एकाच वाडीतली होती, ज्या वाडीची एसटी ओढ्याला पाणी आलं की बंद होते. हजेरीवरून होतकरूपणा कळला नसता, एसटीचं वेळापत्रक कळलं असतं.

शेवटी मी काकांना स्पष्ट सांगितलं की हा शब्द आम्हाला तपासता येत नाही, तो काढून टाकू या का? ते तयार झाले. ज्या शब्दाचा प्रश्न होत नाही तो देणाऱ्याला सांगून उघडपणे खोडायचा. तो यादीच्या तळाशी ‘शिवाय होतकरू असावा’ म्हणून ठेवला असता, तर तो झोळीसारखा झाला असता. हवं ते नाव त्यातून काढता आलं असतं. मागच्या वर्षी नेमकं तेच झालं होतं.

दोन बैठकांनंतर कागदावर हे उरलं:

१. आठवी, नववी आणि दहावी ही तिन्ही वर्षं अर्जदार गावात राहत होता, असं ग्रामपंचायतीच्या दाखल्यात आहे का?

२. तहसीलदारांच्या चालू वर्षाच्या दाखल्यावर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपये किंवा त्याहून कमी आहे का?

३. दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारी ६० किंवा त्याहून जास्त आहे का?

४. अकरावी, आयटीआय किंवा डिप्लोमाला प्रवेश झाल्याचा कागद ३१ जुलैपर्यंत जोडला आहे का?

५. पुढील तीनपैकी कोणताही एक कागद आहे का: आईचा किंवा वडिलांचा मृत्यूचा दाखला, दोघांपैकी एकाचं ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आईच्या नावे संजय गांधी निराधार योजनेचं मंजुरीपत्र?

आणि खाली नियम: १ ते ४ सगळे ‘हो’ असतील तर अर्ज पात्र. पात्र अर्जांत ज्यांचा ५ ‘हो’ ते आधी. त्या दोन्ही गटांत ज्यांचं उत्पन्न कमी ते वर. उत्पन्न सारखं असेल तर ज्यांची टक्केवारी जास्त ते वर. वरचे पाच.

निराधार योजनेचा कागद पाचव्या प्रश्नात का आला ते सांगते. बाप मेला तर दाखला मिळतो. बाप घर सोडून गेला तर त्याचा दाखला कोणी देत नाही, आणि त्या घरात कमावतं माणूस नसतंच. ती योजना टाकलेल्या बायकांनाही लागू आहे, म्हणून तिचं मंजुरीपत्र हाच त्यातल्या त्यात हाती येणारा पुरावा.

उत्तरं मात्र दोन ठेवली नाहीत, तीन ठेवली: हो, नाही आणि कागद नाही. मागच्या वर्षी कागद नसला की आम्ही तो ‘नाही’त टाकत होतो. पण उत्पन्न जास्त असणं आणि दाखला सेतू केंद्रात अडकलेला असणं यात फरक आहे. ‘कागद नाही’ला आठ दिवसांची मुदत, सगळ्यांना सारखी. मुदत संपली की ते उत्तर ‘नाही’.

अर्ज यायच्या आधी आणखी एक गोष्ट केली. मी तीन खोटे अर्ज लिहिले, मुद्दाम आडवळणाचे. खजिनदार आजोबांनी आणि शाळेतल्या क्लार्कवहिनींनी ते वेगवेगळ्या खोलीत बसून तपासले. तीन अर्ज, पाच प्रश्न, पंधरा उत्तरं. बारा जुळली, तीन जुळली नाहीत. एका खोट्या अर्जात मुलगी मार्चला नापास होऊन पुरवणी परीक्षेत ६६ टक्क्यांनी पास झाली होती. आजोबांनी ‘नाही’ लिहिलं, वहिनींनी ‘हो’. दुसऱ्यात आयटीआयच्या यादीत नाव लागलं होतं, पण फी भरायची होती. तिसऱ्यात दाखल्यावर तीन वर्षांचं वेगवेगळं उत्पन्न लिहिलेलं होतं आणि कोणतं वर्ष धरायचं ते आम्ही म्हटलंच नव्हतं. दोघांपैकी चूक कोणाची होती याचा शोध घेण्यात अर्थ नव्हता. चूक प्रश्नाची होती. पुरवणी चालेल, यादीत नाव लागल्याचं पत्र चालेल, सगळ्यात अलीकडचं वर्ष धरायचं, अशा तीन ओळी वाढवल्या. मग कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला, काकांना पाठवला आणि त्यानंतर त्यातलं अक्षर बदललं नाही.

चौदा अर्ज आले. तपासताना एक अर्ज घेऊन पाचही प्रश्न संपवायचे नाहीत, एक प्रश्न घेऊन चौदाही अर्ज संपवायचे. मोठा तक्ता केला, आडव्या चौदा ओळी, उभे पाच रकाने. पहिल्या दिवशी फक्त पहिला रकाना भरला. असं केलं की ९४ टक्के पाहून भारावलेलं मन उत्पन्नाच्या दाखल्याकडे मऊ नजरेने पाहत नाही, कारण तो दाखला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तेरा दाखल्यांच्या ओळीत समोर येतो. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ आलेला अर्जही आम्ही शेवटपर्यंत तपासला. एका मुलाच्या दाखल्यात ग्रामपंचायतीकडूनच वर्ष चुकलेलं होतं. ते दुरुस्त होऊन आलं तेव्हा त्याची बाकीची ओळ तयार होती.

आठ अर्ज पात्र ठरले. आणि मग अर्ज क्रमांक ९.

वडील ट्रॉलरवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत त्यांना पगार नाही. आई दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा ८४ टक्के. उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा १,२५,०००. दुसऱ्या रकान्यात ‘नाही’.

आजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. “पाच हजारांसाठी पोराक भायर काढतलास?” मलाही तो मुलगा आत हवा होता. आम्ही मर्यादा सव्वा लाख केली तर काय होईल ते मांडून पाहिलं. मर्यादा बदलायची तर ती चौदाही अर्जांना लावावी लागते. क्रमांक ९ आत आला, त्याच्याबरोबर क्रमांक ११ही आत आला. पाचवा प्रश्न ‘हो’ असल्याने ९ थेट पहिल्या गटात गेला, आणि पाचव्या जागेवरची क्रमांक १२ यादीबाहेर पडली. क्रमांक १२ म्हणजे नव्वद हजार उत्पन्नाच्या घरातली मुलगी, जिने फळ्यावरचा कागद वाचून, त्यावर विश्वास ठेवून, सगळे दाखले वेळेत आणून दिले होते. तिचा अर्ज आमच्यापैकी कोणाच्याही मनाला भिडला नव्हता, कारण तिच्या अर्जात सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. आम्ही आकडा तसाच ठेवला. ‘सीमा सव्वा लाख करावी का, मे महिन्यात ठरवावं’ असं वहीत लिहिलं. मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याने आजही त्रास होतो.

दुसरा त्रास क्रमांक ४चा. पाचवा सोडला तर सगळे ‘हो’. उत्पन्न साठ हजार. आणि गावाला माहीत आहे की त्या घराने मागच्या दिवाळीपासून पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवायला घेतल्या आहेत. प्रश्न कागद तपासतो, आणि कागद जितका खरा तितकंच त्याचं उत्तर खरं. ‘सगळ्यांना माहीत आहे’ म्हणून त्याला काढला असता तर बाकी तेरा घरांबद्दल गावाला काय काय माहीत आहे तेही विचारावं लागलं असतं, आणि ते आम्ही फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. त्याला मदत मिळाली. पुढच्या वर्षी सगळ्या अर्जदारांकडून घरपट्टीचा नमुना ८चा उतारा मागायचा असं वहीत आहे. घराचा वापर निवासी की व्यावसायिक हे त्यात लिहिलेलं असतं. पण नव्या खोल्यांची नोंद उताऱ्यावर चढायला वेळ लागतो, त्यामुळे हाही प्रश्न अर्धवटच निघेल अशी मला शंका आहे.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पाकिटं दिली. तक्ता नावं झाकून, फक्त अर्ज क्रमांकांसह, फळ्यावर लावला होता. संध्याकाळी क्रमांक ९चे वडील शाळेच्या आवारात आले. मी त्यांना फळ्यापाशी नेलं. त्यांनी आपल्या ओळीवर बोट ठेवलं, रकान्यारकान्याने पुढे सरकवलं, दुसऱ्या रकान्यापाशी थांबले आणि वर छापलेला प्रश्न सावकाश वाचला.

“फुडल्या वर्षी धाकटो धाव्वीत आसा,” ते म्हणाले. “ह्यो आकडो तोच रवतलो काय?”

मी म्हटलं, मे महिन्यात बैठक आहे, तेव्हा ठरेल, आणि अर्ज सुरू व्हायच्या आधी इथेच लागेल. त्यांनी बैठकीचा दिवस विचारला. तेव्हा बोट बंदरात असेल की नाही याचा हिशेब केला, आणि तारीख मोबाइलमध्ये टाकायला खिशातून चष्मा काढला.